पाटीवरचा खोडलेला भाव

भाजीच्या गाडीवर टोमॅटोच्या ढिगात एक काळी पाटी खोचलेली असते. तिच्यावर खडूने '३० पाव' लिहिलेलं असतं, त्या तीसवर एक तिरकी रेघ मारलेली असते आणि शेजारी मोठ्या आकड्यात '२०' असतो. पाटीवर एवढाच मजकूर असतो. पण तीस का लिहिले आणि वीसवर कधी आले, हे समजून घेतलं की त्या गाडीचा दिवसभराचा हिशोब उलगडतो.

हा हिशोब पहाटे घाऊक बाजारात सुरू होतो. पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात फळभाज्यांचा भाव दहा किलोंवर बोलला जातो, तर मेथी, कोथिंबीर, पालक या पालेभाज्यांचा शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांवर. वर्तमानपत्रांच्या बाजारभावाच्या रकान्यातही हीच मापं असतात. गाडीवर मात्र कोणी दहा किलो मागत नाही. तिथे गिऱ्हाईक पाव किलो किंवा अर्धा किलो घेतं आणि जुडी सुटी मागतं. त्यामुळे घाऊक आकडा मोडून किरकोळ आकडा तयार करणं हे गाडीवाल्याचं सकाळचं पहिलं काम असतं.

उदाहरणादाखल भेंडी घेऊ. समजा, दहा किलोंना चारशे रुपये पडले. आडत, हमाली आणि टेम्पोत या मालाच्या वाट्याला येणारं भाडं मिळून आणखी साठ. म्हणजे माल गाडीवर पोचेपर्यंत चारशे साठ रुपये गेले. निवडताना जून आणि किडकी भेंडी बाजूला पडते, दिवसभर उन्हा-वाऱ्यात उरलेल्या मालाचं वजनही घटतं. दहातले नऊ किलोच विकायला उरले, तर किलोमागे खर्च चाळीस नव्हे, जवळपास एक्कावन्न रुपये होतो. म्हणून पाटीवर '२० पाव' येतं, म्हणजे किलोला ऐंशी.

दुपारपर्यंत सहा किलो खपली की चारशे ऐंशी रुपये हाती येतात आणि मालात घातलेले पैसे सुटतात. उरलेली तीन किलो भेंडी संध्याकाळी मलूल दिसू लागते आणि उद्या तिला कोणी हात लावणार नाही. मग वीस खोडून पंधरा लिहिले जातात. या भावाने दोन किलो गेली तर एकशे वीस मिळतात. शेवटचा किलो रात्री दहा रुपये पावने काढला तर आणखी चाळीस. सगळे मिळून सहाशे चाळीस, म्हणजे या भेंडीवर दिवसाची कमाई एकशे ऐंशी रुपये. जागेचं भाडं, पिशव्या आणि चहापाणी यातूनच जायचं असतं. दुपारी पाऊस आला आणि सहाऐवजी चारच किलो खपली, तर याच पाटीवरचा पहिला भाव तासभर आधीच खोडावा लागतो.

पाटीवरच्या खाडाखोडीला एक दिशा असते, ती सहसा लक्षात येत नाही. भाव उतरला की जुना आकडा मुद्दाम वाचता येईल असा ठेवून वर रेघ मारतात, कारण किती उतरला हे गिऱ्हाइकाला दिसायला हवं असतं. भाव चढला तर जुना आकडा ओल्या फडक्याने पार पुसला जातो. त्यामुळे पाटीवर रेघ मारलेला आकडा दिसला तर माल काढायची घाई आहे असं बहुतेक वेळा समजावं.

भाव फार चढला तर आकड्यासोबत मापही बदलतं. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो देशातल्या अनेक शहरांत किलोला शंभराच्या वर गेला आणि केंद्र सरकारला काही शहरांत सवलतीच्या दरात टोमॅटो विकावा लागला. त्याच सप्टेंबरमध्ये भाव इतके कोसळले की शेतकऱ्यांवर माल फेकायची वेळ आली. अशा चढ्या दिवसांत पाटीवरून 'किलो' हा शब्द जातो आणि 'पाव' येतो. 'किलो १२०' वाचून माणूस पुढे सरकतो, 'पाव ३०' वाचून थांबतो, रक्कम मात्र तीच असते. स्वस्ताईत उलटं होतं. तेव्हा 'किलो २०' किंवा 'दीड किलो ३०' अशी पाटी लागते, कारण गिऱ्हाइकाने एकदम जास्त न्यावं असं वाटत असतं.

अक्षरं वेडीवाकडी का येतात, याचंही उत्तर कामातच आहे. भाजीवर सारखं पाणी मारावं लागतं, त्यामुळे हात आणि पाटी दोन्ही ओले असतात. ओल्या पाटीवर खडू ओढला तर रेघ आधी फिकट दिसते आणि वाळल्यावर जाड पांढरी उमटते. लिहिताना नीट दिसत नसल्याने हात पुन्हा फिरवला जातो आणि अक्षर फुगतं. शिवाय पाटी वीतभर रुंद. 'को' ऐसपैस लिहिला की 'थिंबीर' कडेला कोंबावी लागते. शिरोरेघेला बऱ्याचदा फाटाच मिळतो. आकडा मात्र ठळक असतो, कारण रस्त्याच्या पलीकडून तोच वाचायचा असतो. हल्ली पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेल्या पाट्याही खूप दिसतात. पक्क्या शाईचा आकडा पुसत नाही, म्हणून तिथे खोडण्यावाचून इलाज नसतो आणि आठवड्याभरात पुठ्ठ्यावर चार-पाच भाव एकावर एक साचतात.

चहाच्या टपरीचा फलक या सगळ्याहून शांत असतो. चहा, कॉफी, क्रीमरोल, बनमस्का ही नावं एकदा ऑइलपेंटने रंगवली की वर्षानुवर्षं तीच राहतात. बदलतो तो फक्त आकडा, तोही कधीतरी, मार्करने किंवा वर चिकटवलेल्या कागदाने. दूध आणि साखर महागली तरी टपरीवाला लगेच आकड्याला हात लावत नाही. दहाच्या चहाचे अकरा केले तर प्रत्येक गिऱ्हाइकामागे सुट्या पैशांचा घोळ होतो, म्हणून भाव वाढतो तो दोन किंवा पाच रुपयांच्या पायरीने. त्याआधी बऱ्याच ठिकाणी ग्लास लहान होतो. फलकावर 'चहा १०' तसंच राहतं आणि बदल कपात दिसतो.

पाटी वाचताना म्हणून आकड्याआधी माप बघावं. 'पाव', 'अर्धा', 'जुडी' किंवा 'वाटा' हा शब्द बहुतेक वेळा आकड्याच्या निम्म्या उंचीचा असतो आणि घोटाळा तिथेच होतो. मापच लिहिलेलं नसेल तर पिशवी पुढे करण्याआधी विचारून घ्यावं. देवनागरी आणि इंग्रजी आकडे एकाच पाटीवर असतील तर '१०' म्हणजे नव्वद नव्हे, हे इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांना सांगून ठेवावं. आणि भाजी काट्यावर चढण्याआधी काट्यावर शून्य दिसतंय का, तेवढं पाहावं. पाटीवरचा भाव बरोबर असला तरी पैसे काट्यावरच्या आकड्याचे द्यावे लागतात.