सकाळी सातच्या शिफ्टसाठी लिहिलेलं तिकीट

‘स्टोरेज डाउन. वेंडरला कळवलं आहे. काम चालू आहे.’ डेटा सेंटर सांभाळणाऱ्या टीममध्ये असं तिकीट बऱ्याचदा पाहायला मिळतं. त्यात खोटं काहीच नसतं. तरीही सकाळच्या शिफ्टला आलेल्या माणसाला ते वाचून पहिला फोन करावा लागतो तो रात्रभर जागून नुकत्याच झोपलेल्या सहकाऱ्याला. फोन लागला नाही, तर तो स्वतःच शोध घेऊ लागतो, आणि स्टोरेजच्या बिघाडात सगळ्यात मोठं नुकसान होतं ते बहुधा याच टप्प्यावर.

एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. एका संस्थेच्या लिनक्स सर्व्हरवर 8 टीबीच्या 8 डिस्क आहेत आणि त्या RAID 6 पद्धतीने जोडलेल्या आहेत. या रचनेत माहिती सगळ्या डिस्कवर विभागून ठेवतात आणि तिच्यासोबत दुरुस्तीसाठी जादा आकडेमोडही साठवतात. त्यामुळे कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी काम चालू राहतं. तिसरी गेली की सगळं थांबतं. आदल्या संध्याकाळी sdc ही डिस्क खरोखरच खराब होऊन बाहेर पडली. पहाटे 3:40 वाजता sdf आणि sdg या दोन्ही डिस्क एकदम गायब झाल्या. आठपैकी पाच उरल्या, अ‍ॅरे बंद पडला आणि त्यावर फाइल ठेवणाऱ्या सगळ्यांचं काम अडलं.

रात्रपाळीच्या इंजिनिअरने पाहिलं की त्या दोन्ही डिस्क एकाच केबलवर आहेत. केबल बदलल्यावर दोन्ही पुन्हा दिसू लागल्या, पण अ‍ॅरे अजून बंदच आहे. पाळी संपायला वीस मिनिटं उरली आहेत, आणि याच वीस मिनिटांत तिकीट लिहायचं आहे.

पहिल्या दोन ओळींत रात्रीची हकिकत नको, आत्ताची स्थिती हवी. अ‍ॅरे बंद आहे, NFS सेवा मुद्दाम बंद ठेवली आहे, केबल बदलल्यापासून डिस्कवर काहीही लिहिलेलं नाही. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. ते वाचलं की येणाऱ्याला कळतं, मूळ पुरावा शाबूत आहे आणि अजून सगळे पर्याय खुले आहेत.

त्यानंतर डिस्कची ओळख. sdf हे नाव डिस्कवर छापलेलं नसतं. मशीन सुरू होताना लिनक्स ते देतं आणि पुढच्या रीबूटला तेच नाव भलत्याच डिस्कला मिळू शकतं. म्हणून प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर आणि रॅकमधला स्लॉट दोन्ही लिहायचे. नाहीतर ‘sdc काढून नवीन बसवा’ एवढंच वाचून कुणी चांगली डिस्क उपसून काढेल आणि चार डिस्कवर आलेला अ‍ॅरे वाचवणं फार अवघड होऊन बसेल.

मशीनच्या नावाचंही तेच. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीत डेटाबेसची दुय्यम प्रत नीट चालत नव्हती. रात्री उशिरा काम करणाऱ्या इंजिनिअरने दुय्यम मशीनवरची डिरेक्टरी पुसायला घेतली, पण आज्ञा चालली ती मुख्य मशीनवर. दोन्हींच्या नावात फरक होता तो db1 आणि db2 एवढाच. दोनेक सेकंदांत चूक लक्षात आली. तोवर सुमारे 300 जीबीपैकी 4.5 जीबी उरलं होतं. साधारण सहा तासांपूर्वीच्या एका स्नॅपशॉटवरून बाकीचं परत आणलं, आणि नुसती ती प्रत उतरवायलाच जवळपास 18 तास लागले. एवढं लांबणारं काम एका माणसाच्या डोक्यात ठेवून चालत नाही. त्या टीमने आपली कामाची टिपणं सर्वांना वाचता येतील अशी खुली ठेवली होती, म्हणूनच हा तपशील आज जगाला माहीत आहे.

आता आपल्या तिकिटाच्या गाभ्याकडे येऊ. प्रत्येक डिस्कवर अ‍ॅरेची एक नोंद असते आणि त्या नोंदीत बदलांचा एक मोजणी आकडा वाढत जातो. तो असा पाहतात:

```
mdadm --examine /dev/sdf | grep Events
```

उरलेल्या पाच डिस्कवर हा आकडा 184514 आहे, sdf आणि sdg वर 184512, तर sdc वर 171003. याचा अर्थ sdf आणि sdg अगदी शेवटच्या क्षणापर्यंत बरोबर होत्या, आणि sdc वर कालची शिळी माहिती आहे. पुढचा सगळा निर्णय याच आकड्यांवर उभा आहे. म्हणून ‘तपासलं, ठीक वाटतं’ न लिहिता आठही डिस्कचं मूळ आउटपुट तिकिटाला जोडायचं. प्रत्यक्ष पाहिलेलं आणि नुसता अंदाज यांच्या ओळीही वेगळ्या हव्यात. दोन डिस्क एकत्र गेल्या, हे पाहिलेलं आहे. दोष केबलचाच होता, हा अंदाज आहे. कदाचित कंट्रोलरचा पोर्टही असेल.

मग काय करायचं नाही, हे कारणासकट लिहायचं. `mdadm --create` चालवू नका, कारण ती डिस्कवरच्या नोंदी नव्याने लिहिते, आणि डिस्कचा क्रम चुकला तर माहितीवरच घाला येतो. sdc जोडू नका, कारण शिळे आणि ताजे तुकडे मिसळून फाइल बिघडतील. कारण दिलं नाही, तर घाईत असलेला माणूस मनाई बाजूला सारतो, आणि त्याला तरी दोष कसा द्यायचा?

पुढची पायरी अटींसह द्यायची. वरिष्ठांची परवानगी तिकिटात नोंदली गेली की sdc वगळून सात डिस्कनी अ‍ॅरे `--assemble --force` ने जोडायचा; ही आज्ञा नोंदीतले आकडे बदलते, म्हणूनच आधीचं आउटपुट जपून ठेवलेलं आहे. मग फाइल सिस्टिम आधी फक्त वाचण्यापुरती उघडायची:

```
mount -o ro,norecovery /dev/md0 /mnt/check
```

आदल्या दिवसाच्या काही मोठ्या फाइल उघडून पाहायच्या. त्या नीट उघडल्या आणि कालचा बॅकअप पूर्ण असल्याची खात्री झाली, की नवी डिस्क बसवून पुनर्बांधणी सुरू करायची. फाइल बिघडलेल्या दिसल्या किंवा आणखी एखादी डिस्क वाचनात चुका देऊ लागली, तर तिथेच थांबून वेंडरला गाठायचं. त्याचा केस नंबर आणि भाग कधी पोचणार ती वेळ इथेच लिहायची. सेकंदाला 150 एमबी वेग धरला तरी 8 टीबीला सुमारे 15 तास लागतात. म्हणजे ही पुनर्बांधणी संध्याकाळच्याही पाळीच्या हाती जाणार, आणि तिकीट पुन्हा लिहावं लागणार.

वेळेचाही घोळ होतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये UTC असेल, तर पुण्यातली पहाटेची 3:40 तिथे आदल्या तारखेची 22:10 दिसते. युरोपातल्या टीमकडे काम जाणार असेल, तर त्यांनी चुकीच्या दिवसाचा लॉग धुंडाळत बसू नये म्हणून दोन्ही वेळा तारखेसह द्याव्यात. वापरणाऱ्यांना शेवटचा निरोप काय दिला आणि पुढचा किती वाजता देण्याचं कबूल केलं आहे, हेही एका ओळीत असावं.

तिकिटाच्या तळाशी `cat /proc/mdstat` चं पाळी सुटतानाचं आउटपुट वेळेसह डकवायचं. सकाळी सातला आलेली व्यक्ती कशालाही हात लावण्याआधी तीच आज्ञा चालवून दोन्ही ताडून पाहील. जुळलं, तर पुढची पायरी. जुळलं नाही, तर मधल्या वेळात काहीतरी बदललं आहे, आणि ते काय हे कळेपर्यंत डिस्कवर एकही बाइट लिहायचा नाही.