रात्री थांबवायचे असेल, तर दुपारी सांगा

शाळा उघडण्याच्या आणि ईदच्या तोंडावर शिलाईच्या प्रत्येक कारखान्यात एक प्रसंग येतोच. माल उद्या-परवा द्यायचा असतो, नग अपुरे असतात आणि कारागिरांना उशिरापर्यंत थांबा म्हणावे लागते. हे कसे सांगावे, याचा आम्हास आलेला अनुभव व्यापारी बंधूंपुढे ठेवत आहोत.

एका हंगामात आम्ही मोठी चूक केली. सायंकाळी सहाला कारागीर चपला पायात घालत असताना आम्ही म्हणालो, "आज थांबायचे आहे." रात्री एकपर्यंत काम झाले. माल वेळेवर गेला, पण कॉलर वाकड्या म्हणून कित्येक नग परत आले. त्याच महिन्यात दोन चांगले कारागीर दुसरीकडे गेले. कारण विचारले तेव्हा एकजण म्हणाला, "शेठ, थांबण्याचे काही नाही. पण तुम्ही विचारले नाही, हुकूम केला."

तेव्हापासून आम्ही आधी हिशेब मांडतो, मग बोलतो. गणवेशाच्या शर्टांची एक ऑर्डर घ्या. माल शनिवारी सकाळी ११ वाजता टेम्पोत भरायचा होता आणि गुरुवारी दुपारी १७० नग शिवायचे बाकी होते. आमच्याकडे १० मशीन. दिवसा सगळ्या मशीन मिळून तासाला सुमारे ९ शर्ट निघतात. गुरुवारचा उरलेला दिवस ४० नगांचा. शुक्रवारी जुम्याच्या नमाजचा वेळ सोडून ६५ नग. म्हणजे ६५ नगांची तूट.

पहिला फोन आम्ही गिऱ्हाईक व्यापाऱ्याला केला. सगळा माल त्याच दिवशी लागणार का, हे विचारले. मोठ्या मापाचे १० नग सोमवारी चालतील, असे त्याने सांगितले. तूट ५५ वर आली. रात्री हात मंदावतो, म्हणून तासाला ९ नव्हे, ८ नग धरले. म्हणजे सुमारे ७ तास. एका रात्रीत ते ओढण्याऐवजी गुरुवार आणि शुक्रवार असे दोन दिवस साडेसहा ते दहा ठरवले. काज-बटण आणि इस्त्रीवाल्यांना गुरुवारी थांबवलेच नाही, कारण त्यांच्या हाती त्या रात्री काम उरणार नव्हते. त्यांना शनिवारी सकाळी सातला बोलावले.

मग जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्यांना एकत्र बसवून सांगितले, "भाईंनो, कापड उशिरा आले, तरी तारीख आम्हीच कबूल केली. ही चूक आमची आहे आणि तिचा भार तुमच्यावर पडतो आहे, हे आम्ही जाणतो. आज आणि उद्या दहापर्यंत काम आहे, दहानंतर एक नगही नाही. नगाला ४० रुपये मिळतात, रात्रीच्या नगाला ८० मिळतील. जेवण आमच्याकडून, मगरिब आणि इशाला सुट्टी. ज्याला जमणार नाही, त्याने आत्ताच सांगावे. त्याच्या कामावर किंवा दरावर काही परिणाम होणार नाही."

यातले शेवटचे वाक्य खरे ठरले पाहिजे. एकाची आई आजारी होती, तो साडेसहाला गेला. एक मशीन कमी झाल्याने दोन रात्रींत पाच-सहा नगांचा फरक पडणार होता. त्याने दोन्ही सकाळी दोन तास लवकर येऊन चार नग काढले. उरलेले आमचे कटिंग मास्टर स्वतः मशीनवर बसून शिवून गेले.

दुप्पट दर ही मेहरबानी नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला ९ तासांवरच्या कामाला दुप्पट मेहनताना ठरवला आणि दुप्पट दराचे हे तत्त्व आजही कायम आहे. आपला कारखाना लहान म्हणून कायद्याच्या कक्षेत येत नसला, तरी आम्ही हाच दर धरतो. वरील प्रसंगी आमचे जादा २२०० रुपये आणि जेवणाचा खर्च गेला. ही रक्कम आगाऊ मांडली की, जिथे नफाच उरत नाही अशी तारीख कबूल करण्याआधी माणूस विचार करतो. स्त्रिया कामावर असतील तर सायंकाळी सातनंतर त्यांची संमती आणि घरी सुखरूप पोहोचवण्याची सोय आधी पाहावी.

रात्री माल बिघडू लागला की तो लवकर ओळखू येतो. सुया वारंवार तुटतात, टाके सुटतात, कॉलरची दोन टोके जुळत नाहीत. म्हणून रात्री प्रत्येक डझनातले दोन नग आम्ही स्वतः उलटून पाहतो. दोन डझनांत ओळीने दोष दिसला, तर घड्याळ न पाहता मशीन बंद करतो. तो शर्ट उसवून पुन्हा शिवायला नव्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

जादा पैसे त्याच रात्री हातात द्यावेत. आठवड्याच्या हिशेबात ते मिसळले की, कोणत्या मेहनतीचे काय मिळाले हे कारागिराला कळत नाही. आणि एका महिन्यात असा प्रसंग तिसऱ्यांदा आला, तर दोष कारागिरांच्या हातात शोधू नये. आपण तारखा कशा कबूल करतो, ती वही उघडावी.