‘ब्रेकर बंद करा’ म्हणजे नेमके काय करा?

आखातातील एखाद्या प्रकल्पावर विद्युत देखभालीचे प्रशिक्षण देणारी पुस्तिका मूळ इंग्रजीत लिहिली जाते. कामगारांसाठी तिची हिंदी आणि मराठी आवृत्ती काढली जाते. हिंदीचे भाषांतर एकाकडे, मराठीचे दुसऱ्याकडे, आणि तपासणी दोन्ही भाषा जुजबी जाणणाऱ्या तिसऱ्याकडे. संज्ञांचा गोंधळ इथूनच सुरू होतो.

या गोंधळाचा सर्वांत धोकादायक नमुना ‘क्लोज’ या साध्या इंग्रजी क्रियापदात सापडतो. व्हॉल्व्ह ‘क्लोज’ केला की प्रवाह थांबतो. ब्रेकर ‘क्लोज’ केला की त्याचे संपर्क जुळतात आणि वीज वाहू लागते. भाषांतरकाराने ‘क्लोज म्हणजे बंद करणे’ अशी नोंद केली आणि ती दोन्ही भाषांत इमानेइतबारे पाळली, तर वीज सुरू करण्याच्या पायरीवर ‘ब्रेकर बंद करा’ असे छापले जाईल. कारागीर ते वाचून वीज तोडेल. याउलट वीज तोडण्याच्या पायरीवर ‘ब्रेकर उघडा’ असे येईल, आणि वाचणारा पॅनेलचे झाकण उघडायला जाईल. आतील भाग तेव्हा जिवंत असेल. सुसंगती पुरेपूर साधली गेली, पण ती शब्दाची, अर्थाची नव्हे.

म्हणूनच सामायिक शब्दसूचीची प्रत्येक नोंद संकल्पनेपासून सुरू करावी लागते. आधी व्याख्या: ‘ब्रेकरचे संपर्क एकमेकांपासून दूर आहेत आणि पुढच्या बाजूला वीज जात नाही अशी स्थिती.’ मग तिन्ही भाषांतील निवडलेला शब्द. इंग्रजी पुस्तिकेत ‘ओपन’, तर हिंदी व मराठीत ‘ऑफ’. कारण ब्रेकरच्या हँडलजवळ तोच शब्द किंवा O ही खूण छापलेली असते. शेवटी वर्ज्य शब्दांचा रकाना: या संकल्पनेसाठी ‘उघडा’ आणि ‘बंद’ दोन्ही निषिद्ध. हा रकाना बहुधा गाळला जातो. खरे तर निवडलेल्या शब्दाइतकाच तो उपयोगाचा असतो. व्हॉल्व्हची नोंद वेगळी. तिथे ‘बंद’ खुशाल चालतो.

नोंदी अशा वेगळ्या केल्यावर आणखी एक गोष्ट उघड होते. रोजच्या बोलीतील एका ‘बंद’मध्ये तीन स्थिती दडलेल्या असतात: ब्रेकर ऑफ असणे, तो ऑफ स्थितीत कुलूपबंद असणे, आणि काम करायच्या जागी वीज नाही हे परीक्षकाने तपासलेले असणे. ब्रेकर ऑफ केला तरी त्याच्या वीज येणाऱ्या बाजूला दाब असतोच. तिन्हींना तीन नोंदी आणि तीन संज्ञा हव्यात.

हिंदी आणि मराठी यांच्या जवळिकीमुळे होणाऱ्या चुका निराळ्या. मराठीतील ‘सुरक्षा यंत्रणा’ हिंदी आवृत्तीत तशीच उतरली तर अनर्थ होतो; हिंदीत यंत्रणा म्हणजे यातना. हिंदीतील ‘अभ्यास’ म्हणजे सराव, मराठी वाचक त्याचा अर्थ पाठ वाचणे असा घेईल. लिपी एकच असल्याने अशा जोड्या डोळ्यांना खटकत नाहीत. त्यांची यादी सूचीच्या सुरुवातीलाच द्यावी.

शब्द कोणाचा घ्यावा, हा वादाचा मुद्दा. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. हिंदीसाठी 1961 साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोगाचे कोश आहेत. व्याख्या लिहिताना त्यांचा मोठा आधार मिळतो. परंतु ‘परिपथ’ शाळेच्या पुस्तकात शोभतो, कामावर ‘सर्किट’च ऐकू येते. निवाड्याची कसोटी सोपी आहे: पुस्तिका न पाहिलेल्या चार-पाच कारागिरांना ते वाक्य वाचून दाखवावे आणि बंद पडलेल्या, वीज नसलेल्या सरावाच्या पॅनेलवर हँडल कुठे न्याल हे करून दाखवायला सांगावे. ‘समजले का’ असे विचारल्यास सगळेच मान डोलावतात.

सूची पाळली जाते की नाही, हे संगणकावर शोधताना मराठीचा स्वभाव आडवा येतो. ‘कुलूप’ शोधले तर ‘कुलपाला’, ‘कुलपाची’ ही रूपे सापडत नाहीत. म्हणून नोंदीत ‘कुलपा-’ हे सामान्यरूपही लिहावे. हिंदीतील ‘ड़’ दोन प्रकारे टंकित होतो, एकाच अक्षरचिन्हाने किंवा ‘ड’ला नुक्ता जोडून. दिसायला फरक नसतो, शोधयंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. तिन्ही फाइली आधी एकाच युनिकोड सामान्यीकरणातून काढून घेतल्या की ही अडचण मिटते.

सूची सुरुवातीला मोठी नसावी. ज्या शब्दावर एखादी कृती अवलंबून आहे, तेवढेच शब्द प्रथम. पुस्तिका लहान असेल तर ते पन्नास-साठच्या आसपास भरतात. प्रत्येक नोंदीपुढे निर्णय घेणाऱ्याचे नाव, तारीख आणि तो शब्द ज्या पायऱ्यांत येतो त्यांचे क्रमांक असावेत. पुढे एखादी संज्ञा बदलली, तर त्या क्रमांकांवरून तिन्ही आवृत्त्यांतील पाने एकाच दिवशी बदलता येतात, आणि कामाच्या जागी लावलेल्या जुन्या पाट्याही त्याच दिवशी उतरवता येतात.