मेगापिक्सेल मोजायचे कसे?

घरातील एखाद्या दिवंगत व्यक्तीचे छायाचित्र मोठे करून भिंतीवर लावायचे ठरते. मोबाइलमध्ये ते स्पष्ट दिसत असते. मात्र स्टुडिओतून हाती आलेली प्रत अंधूक निघते. कॅमेरा तर १२ मेगापिक्सेलचा होता, मग असे का झाले? याचे उत्तर एका साध्या गुणाकारात दडलेले आहे.

डिजिटल छायाचित्र हे रंगीत ठिपक्यांच्या आडव्या-उभ्या ओळींनी बनते. यातील प्रत्येक ठिपका म्हणजे पिक्सेल. आडव्या ओळीतील ठिपक्यांची संख्या ही रुंदी, तर अशा एकूण ओळींची संख्या ही उंची होय. फरशांची लांबी-रुंदी मोजून खोलीतील एकूण फरशा काढाव्यात, तसाच हा हिशेब आहे. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून निघणारे छायाचित्र बहुधा ४००० पिक्सेल रुंद आणि ३००० पिक्सेल उंच असते. त्यांचा गुणाकार १,२०,००,००० म्हणजे एक कोटी वीस लाख होतो. 'मेगा' म्हणजे दहा लाख. एकूण संख्येला दहा लाखांनी भागले, की १२ मेगापिक्सेल हा आकडा मिळतो.

आता वरील उदाहरण पाहू. समजा, हे छायाचित्र नातेवाइकाने मोबाइलवरील संदेशातून पाठवले होते. अशा सेवा बहुतेकदा जागा वाचवण्यासाठी छायाचित्र लहान करतात. आलेली प्रत १६०० × १२०० पिक्सेलची असेल, तर गुणाकार १९,२०,००० म्हणजे दोन मेगापिक्सेलहूनही कमी भरतो. १२ × ८ इंचांच्या छपाईत रुंदीचे १६०० पिक्सेल १२ इंचांवर पसरतात. एका इंचाच्या वाट्याला जेमतेम १३३ येतात. उत्तम छपाईसाठी इंचाला सुमारे ३०० पिक्सेल असावेत, असा संकेत आहे. मूळ छायाचित्रात हेच प्रमाण ३३३ पडते. संगणकावर लहान प्रत ताणून पिक्सेलची संख्या वाढवता येते. परंतु गेलेला तपशील त्यामुळे परत येत नाही.

मेगापिक्सेल चौपट झाले म्हणजे छपाईचा आकारही चौपट लांब-रुंद होतो, असा एक समज आहे. प्रत्यक्षात ४८ मेगापिक्सेलचे छायाचित्र ८००० × ६००० पिक्सेलचे असते. रुंदी आणि उंची दोन्ही दुप्पट झाल्या, की गुणाकार चौपट होतो. म्हणजे त्याच दर्जाची छपाई दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच करता येते, चौपट नव्हे.

स्टुडिओत जाण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्राची माहिती उघडून दोन्ही आकडे पाहावेत. संगणकावर फाइलच्या Properties मधील Details या भागात ते दिसतात. फाइल किती मेगाबाइटची आहे, यावर विसंबू नये. तो आकडा दाबून साठवण्याच्या पद्धतीनुसार बदलतो. रुंदीच्या पिक्सेलना छपाईच्या रुंदीच्या इंचांनी भागावे. उत्तर ३०० च्या फार खाली आले, तर मूळ प्रत 'डॉक्युमेंट' म्हणून पुन्हा मागवून घ्यावी.