नाव मधोमध, तारीख पुढे

वळसंगमध्ये बसून मी टॉवेल-चादरींची डिझाइनं करते. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचं हे गाव मला सोयीचं पडतं. एका बाजूला अक्कलकोट रोड एमआयडीसीतले कारखाने, दुसऱ्या बाजूला अक्कलकोटची लॉज आणि धर्मशाळा. एकीकडे टॉवेल विणले जातात, दुसरीकडे वापरले जातात. मी मात्र दोन्हीकडची नाही, सुटं काम घेते. कॅडवर घरं भरायची, फाइल द्यायची, पैसे घ्यायचे.

टॉवेलच्या कॅडमध्ये रेघ ओढायची नसते, हे आधी सांगायला हवं. पडद्यावर चौकटींची जाळी असते. दोन रंगांच्या टॉवेलमध्ये जाळीचं एक उभं घर म्हणजे पांढऱ्या आणि निळ्या लूपच्या धाग्यांची एक जोडी, आणि एक आडवी ओळ म्हणजे लूपची एक रांग. अशी एक रांग बसवायला बाण्याचे तीन धागे खर्ची पडतात. घर पांढरं ठेवलं तर पांढरा लूप वर येतो आणि निळा पाठीमागे जातो. निळं केलं की उलट. म्हणून सोलापुरी दुरंगी टॉवेल दोन्ही बाजूंनी नक्षीदार दिसतो, फक्त रंग अदलाबदल होऊन. जाळीत किती घरं घ्यायची हे माझ्या हातात नसतं. ते मागाची फणी आणि बाण्याची दाटी ठरवते.

गेल्या मोसमातलं एक काम उदाहरणाला घेते. एका कारखानदाराला लॉजसाठी तीस बाय साठ इंची टॉवेल हवे होते. दहा इंचांनी पुन्हा येणारी बुटी आणि दोन्ही टोकांना पट्टा. माग जुना, त्यावर 600 हुकांचं पुठ्ठ्यांचं जेकार्ड. इंचाला 15 जोड्या आणि लूपच्या 15 रांगा, म्हणजे पूर्ण टॉवेलची जाळी 450 बाय 900. फाइल द्यायची तारीख 10 फेब्रुवारी ठरली होती. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी स्वामी समर्थांचा प्रकट दिन असतो, त्याच्या आत माल लॉजवर पोचायला हवा होता. बुटी जवळपास पुरी झाली होती, तेव्हा मालकांचा फोन आला.

“मॅडम, पार्टी म्हणतेय, मधी नुसतं नाव टाका की ओ. भक्त निवास. बाकी हाय तसंच ऱ्हाऊ द्या.”

नाव जुन्या मागावर येणार नव्हतं. त्या मागाचा हार्नेस आरशासारखा बांधलेला होता. डाव्या अर्ध्या भागात हूक जे विणेल, तेच उजव्या अर्ध्यात उलटं विणलं जाणार. बुटीला ते शोभतं, आणि हुकांचीही बचत होते, कारण 450 जोड्यांपैकी 225 जोड्यांचेच हूक लागतात. एका जोडीला दोन, म्हणजे 450 हूक. पण मधोमध ‘भक्त’ लिहायला गेलं तर उजवीकडे तोच ‘भक्त’ पाठमोरा उभा राहणार. शिवाय पुठ्ठ्यांचा प्रश्न वेगळाच. बाण्याच्या प्रत्येक धाग्याला एक पुठ्ठा लागतो. दहा इंचांची बुटी पुन्हा पुन्हा आणायला 450 पुठ्ठ्यांची माळ फिरत राहिली की पुरे. नाव मात्र टॉवेलवर एकदाच येणार, तेव्हा माळ अख्ख्या टॉवेलची हवी, म्हणजे 2700 पुठ्ठे. जोसेफ मारी जेकार्डनं 1804च्या सुमारास लियाँमध्ये ही युक्ती बसवली तेव्हापासून पुठ्ठ्यांचा हिशेब असाच चालत आलाय.

मालकांनाही हे ठाऊक होतं. ते म्हणाले, मग इलेक्ट्रॉनिकवर घेऊ. त्यांच्या ओळखीच्या एका शेडमध्ये 1344 हुकांचं इलेक्ट्रॉनिक जेकार्ड होतं, आरशाची बांधणी नाही, पुठ्ठे नाहीत. त्यांच्या दृष्टीनं तिथे प्रश्न मिटला. माझ्या दृष्टीनं तिथेच सुरू झाला, कारण त्या मागाची फणी बारीक होती: इंचाला 18 जोड्या, लूपच्या 16 रांगा. टॉवेल तेवढाच, जाळी मात्र 540 बाय 960.

अशा वेळी मी फोनवर वाद घालत नाही. फोनवर “बघते” म्हणायचं आणि त्याच दिवशी पत्र पाठवायचं. “काम वाढलंय, थोडा वेळ लागेल” असं लिहिलेलं पत्र निरुपयोगी असतं. कारखानदार त्यातून एवढंच वाचतो की मॅडम दुसऱ्या पार्टीचं काम करतायत. त्याला माझे तास दाखवून उपयोग नाही, त्याला मागाचे आकडे दाखवायचे. ते तो स्वतः तपासू शकतो. त्या दिवशी पाठवलेलं पत्र असं होतं:

“मा. मालकांस सप्रेम नमस्कार.

आज फोनवर ठरल्याप्रमाणे टॉवेलच्या मधोमध ‘भक्त निवास’ हे नाव येईल आणि माल इलेक्ट्रॉनिक जेकार्डवर विणला जाईल. यामुळे 10 फेब्रुवारीची तारीख पाळता येणार नाही. अंतिम फाइल 18 फेब्रुवारीला देते.

कारण असे. आधीची जाळी 450 बाय 900 होती, आता 540 बाय 960 आहे. बुटीतला पाच इंची गोल आधी 75 घरे रुंद आणि 75 घरे उंच होता. नव्या मागावर तो 90 रुंद आणि 80 उंच धरला तरच कापडावर गोल दिसेल. फाइल नुसती ताणली तर दर पाच उभ्या घरांमागे एक घर दुप्पट होते आणि दर पंधरा ओळींमागे एक ओळ. त्यामुळे वेलीची रेघ कुठे दोन घरे, कुठे तीन घरे जाड दिसेल. सोबत ताणलेल्या फाइलचे चित्र जोडले आहे, डावीकडची पाने पाहावीत. म्हणून बुटी हाताने पुन्हा भरावी लागेल. रंग, पट्ट्याचे माप आणि बुटीची मांडणी आहे तीच राहील, त्यात बदल नाही.

नाव 18 इंच रुंद व 3 इंच उंच, म्हणजे 324 घरे व 48 ओळी. अक्षरे छापील टंकातून घेता येत नाहीत, लूपसाठी वेगळी भरावी लागतात. टॉवेलच्या पाठीमागे नाव उलटे दिसणार, हे पार्टीला आत्ताच सांगून ठेवावे.

आपल्याकडून हवे: नव्या मागाची फणी, बाण्याची दाटी आणि हुकांची मांडणी त्या शेडच्या मास्तरांकडून लेखी, 6 तारखेपर्यंत. नावाचे शुद्धलेखन पार्टीच्या सहीने. त्यावर पहिली फाइल 13 तारखेला देते. नमुना विणून, एकदा धुऊन 16 तारखेपर्यंत मिळावा. दुरुस्तीला दोन दिवस. यातले आपल्याकडचे एखादे पाऊल जितके दिवस पुढे जाईल, तितके दिवस 18 तारीखही पुढे जाईल.

10 तारीखच हवी असेल तर दुसरा मार्ग आहे. टॉवेल जुन्या मागावर, आधीच्या डिझाइनप्रमाणे विणावेत आणि नाव नंतर भरतकामाने करून घ्यावे. तसे ठरल्यास माझी फाइल वेळेवर मिळेल आणि जादा आकार लागणार नाही. भरतकामाचा दर नगामागे पडेल, तो आपण पाहावा.

नव्या मार्गाने गेल्यास मूळ रकमेच्या निम्मी रक्कम जादा होईल. कोणता मार्ग, ते उद्या संध्याकाळपर्यंत कळवावे. तोपर्यंत काम थांबवले आहे.”

शेवटचं वाक्य लिहायला मला अजूनही जड जातं, पण ते लागतंच. उत्तर येण्याआधी काम चालू ठेवलं तर दोन्ही मार्ग आपणच फुकट चालून टाकतो. ताणलेल्या फाइलचं चित्र जोडणं हेही असंच. पडद्यावरच्या वाकड्या पानांनी जे काम होतं ते दोन परिच्छेदांनी होत नाही.

मालकांनी इलेक्ट्रॉनिकच निवडलं. जादा रकमेवर अपेक्षेप्रमाणे घासाघीस झाली, तारखेवर अजिबात नाही. शेडच्या मास्तरांनी आकडे कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवला. त्यात बाण्याची दाटी इंचाला 48 होती. तिनानं भागलं की लूपच्या 16 रांगा, म्हणजे जाळी बरोबर.

खरा वेळ खाल्ला तो ‘भ’नं. भ आणि म यांच्यातला ठळक फरक शिरोरेषेत असतो. म वरची रेघ सलग जाते, भ वर ती तुटते. कागदावर ती फट केसाएवढी असली तरी चालते. टॉवेलवर लूप उभा राहत नाही, कलतो, पसरतो, शेजारच्या रंगावर आडवा होतो. एका घराची रेघ तर दोन्हीकडच्या लूपमध्ये बुडूनच जाते, म्हणून दोन घरांपेक्षा बारीक काही ठेवायचं नाही हा माझा नेम. भ ची फट मी तीन घरांची ठेवली होती, म्हणजे चार मिलिमीटरच्या जरा वर. मागावरून उतरलेल्या नमुन्यात ती स्वच्छ दिसत होती.

पत्रात धुण्याची अट घातली होती ती यासाठीच. पाणी लागलं की सूत फुगतं, लूप भरदार होतात आणि अक्षरांमधल्या मोकळ्या जागा आक्रसतात. धुतलेल्या नमुन्यावर फट जवळपास मिटली होती आणि जरा लांबून ‘मक्त निवास’ वाचता येत होतं. ‘व’चं पोटही भरत आलं होतं, पण वाचण्यात अडचण नव्हती. न धुतलेला नमुना मंजूर झाला असता, तर ही गोष्ट लॉजच्या पहिल्या धुलाईनंतर कळली असती आणि तोवर सगळा माल पोचलेला असता.

फट पाच घरांची केली. त्यामुळे भ चा गोळा डावीकडे सरकला, अक्षर बेढब झालं, मग ‘क्त’ही दोन घरं उजवीकडे घ्यावा लागला आणि सगळं नाव पुन्हा मध्यावर आणावं लागलं. ‘व’च्या पोटात दोन्ही बाजूंनी एकेक घर मोकळं केलं. लूप नसलेल्या पट्ट्यांच्या ओळी वेगळ्या लावल्या, प्रत्येक रांग तीन बाण्यांत उलगडली आणि `BN_540x960_final.bmp` 18 तारखेला दुपारी मास्तरांकडे गेली. त्या जेकार्डच्या कंट्रोलरला लागणाऱ्या रूपात ती त्यांनीच बदलून घेतली.

दोन दिवसांनी मालकांचा फोन आला. पार्टी विचारत होती, पाठीमागूनही नाव सरळ वाचता यायला काय करावं लागेल. मी पत्रातला तो परिच्छेद परत पाठवला आणि खाली एक ओळ लिहिली: दोन्ही बाजूंनी सरळ हवं असेल तर एका टोकाला कापडी पट्टी शिवावी लागेल, तिची तारीख शिंप्याला विचारावी.