डिंकाचा लाडू 'शुगर-फ्री' असतो का? पाटीवर काय लिहावं, काय टाळावं

थंडी पडली की मिठाईच्या दुकानांत डिंकाचे लाडू येतात आणि सोबत पाटी लागते: 'गुळाचे, शुगर-फ्री'. हा दावा चुकीचा आहे. 'एफएसएसएआय'च्या 2018 च्या नियमांनुसार 100 ग्रॅम पदार्थात साखर 0.5 ग्रॅमपेक्षा जास्त नसेल, तरच 'शुगर-फ्री' म्हणता येतं.

आता हिशोब बघा. एक किलो मिश्रणात 350 ग्रॅम गूळ घालून 25 लाडू वळले, तर 40 ग्रॅमच्या एका लाडवात 14 ग्रॅम गूळ येतो. गुळात साधारण 85 टक्के साखरच असते. म्हणजे एका लाडवात सुमारे 12 ग्रॅम, जवळपास तीन चमचे साखर. खारकेतली साखर वेगळीच.

'लोहाने भरपूर' हेही तपासणीशिवाय लिहू नये. गुळातलं लोहाचं प्रमाण गुळागणिक बदलतं.

मग पाटीवर काय लिहावं? 'डिंक, खारीक, बदाम, खोबरं, साजूक तूप. पांढरी साखर नाही, गूळ आहे. 40 ग्रॅमच्या लाडवात सुमारे 14 ग्रॅम गूळ.'

चव आणि घटक यांतूनच कळतात. शिवाय मधुमेह असलेल्या ग्राहकाला लाडू घ्यायचा की नाही, हे ठरवता येतं.