आकडा कुठे कुठे बदलला?

शोधनिबंध नियतकालिकाकडून दुरुस्तीसाठी परत आला, की लेखक सुधारित प्रत पाठवतात. आकडे बदलले असतील, तर सोबत बदलांचा तक्ता जोडणं चांगलं. प्रत्येक ओळीत बदलाचं ठिकाण, जुना आकडा, नवा आकडा आणि कारण.

समजा, गरोदर स्त्रियांमधल्या ॲनिमियाची पाहणी आहे. पहिल्या प्रतीत 240 पैकी 132 जणींना, म्हणजे 55.0 टक्के स्त्रियांना ॲनिमिया होता. परीक्षकाच्या प्रश्नावरून नोंदी पुन्हा तपासल्या, तर दोघींची नावं दोनदा चढलेली निघाली आणि दोघींनाही ॲनिमिया होता. आता 238 पैकी 130, म्हणजे 54.6 टक्के.

चूक दोन नोंदींची, पण ती पसरते फार दूर. एकूण संख्या सारांशात, पद्धतीच्या भागात, पहिल्या तक्त्याच्या मथळ्यात आणि निवडप्रक्रियेच्या आकृतीत असते. टक्केवारीसोबतचा 95 टक्के विश्वासाचा पल्लाही 48.7 ते 61.3 वरून 48.3 ते 60.9 असा सरकतो. ॲनिमिया नसलेल्या स्त्रिया मात्र आधीही 108 आणि आताही 108. ही ओळ हमखास निसटते, कारण संख्या तीच असली, तरी भाजक बदलल्यामुळे 45.0 टक्क्यांचे 45.4 होतात.

‘ट्रॅक चेंजेस’ चालू ठेवलं की पुरे, असं अनेकांना वाटतं. पण आकृती चित्र म्हणून चिकटवलेली असेल, तर तिच्यातला 240 तिथे ना खुणावला जातो, ना शोधून सापडतो. पुरवणी तर बहुतेकदा वेगळ्या फाइलमध्येच असते. शिवाय ‘पंचावन्न टक्के’ असं अक्षरी लिहिलेलं अंकांच्या शोधात येत नाही. उलट 240 सरसकट बदलायला जावं, तर 1240 चं 1238 होऊन बसतं. म्हणून सारांशापासून पुरवणीपर्यंत निबंध डोळ्यांनी वाचत प्रत्येक जागा टिपावी लागते.

ठिकाण लिहिताना पान आणि ओळ कोणत्या प्रतीतली, हे तक्त्याच्या डोक्यावरच सांगावं. खुणा असलेल्या आणि स्वच्छ प्रतीत ओळी पुढेमागे होतात, आणि परीक्षक 112 वी ओळ उघडून भलतंच वाक्य वाचत बसतो. ‘पान 6, ओळ 112, निष्कर्ष, 132 (55.0%) ऐवजी 130 (54.6%), दोन दुबार नोंदी वगळल्या’ एवढं पुरतं. ‘किरकोळ दुरुस्ती’ हे कारण मात्र चालू नये. त्यातून आकडा का बदलला, हे कळतच नाही.

सगळं झाल्यावर बेरजा ताडाव्यात: 130 आणि 108 मिळून 238 यायलाच हवेत. चर्चेतलं ‘निम्म्याहून अधिक स्त्रिया’ हे वाक्य अजूनही खरं आहे. त्यालाही तक्त्यात एक ओळ द्यावी: तपासलं, बदल नाही.